शेहेचाळीसातले दहा

फोटोग्राफरला त्याच्या कामाचे दहाच फोटो दाखवायला सांगितले की तो आधी वाईट फोटो शोधायला लागतो. हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे, आभाळ पांढरं पडलेले. ते काढून टाकायला फारसा वेळ लागत नाही, त्रासही होत नाही. खरा पेच त्यानंतर सुरू होतो, कारण उरलेले सगळे चांगलेच असतात. तीस-चाळीस चांगल्या फोटोंतून दहा निवडताना ‘हा चांगला आहे का?’ हा प्रश्न काही कामाचा उरत नाही. तिथे विचारावं लागतं, की बाकीचे नऊ जे दाखवत नाहीत ते हा दाखवतो का?

मासिकासाठी फोटो निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या काळात तरुण फोटोग्राफरांची पोर्टफोलिओची पानं पुष्कळ पाहिली. फोटो वाईट असल्यामुळे पान फसलंय असं क्वचितच दिसलं. बहुतेक पानं पुनरावृत्तीमुळे फसलेली होती, आणि गंमत म्हणजे ती ज्याची त्याला दिसत नव्हती. एका उदाहरणाने सांगतो.

कोल्हापूरकडच्या एका मुलीचं पान होतं. तिला मासिकांसाठी आणि सामाजिक संस्थांसाठी काम करायचं होतं. पानावर शेहेचाळीस फोटो: गुऱ्हाळाचे चौदा, तालमीचे अकरा, वारीचे नऊ, पन्हाळा आणि आसपासच्या निसर्गाचे सात, आणि माणसांचे चेहरे पाच. तिच्या मते यात पुनरावृत्ती नव्हतीच. पाच वेगळे विषय होते आणि एकाच क्षणाचे दोन फोटो कुठेही नव्हते. ते तिने आधीच काढून टाकले होते.

मी तिला सगळ्या फोटोंच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढून आणायला सांगितलं. पडद्यावर फोटो एकामागून एक दिसतात आणि पुढचा आला की मागचा विसरतो. जमिनीवर पसरलेल्या प्रिंट एका नजरेत दिसतात, हाताने उचलून इकडच्या तिकडे ठेवता येतात. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो निवडून N दाबलं की ते एकत्र दिसतात आणि C दाबलं की दोन शेजारी शेजारी येतात. त्याने पुष्कळ काम होतं, पण चाळीसेक फोटो असले की पडद्यावर प्रत्येकाचं टपाल तिकीट होतं. प्रिंटचा खर्च फार नाही. महागड्या कागदाची तर मुळीच गरज नाही, उलट कागद साधा असला की फोटोतलं जे काही आहे तेवढंच दिसतं.

तिने प्रिंट विषयवार मांडल्या. मी त्या गोळा केल्या आणि म्हटलं, आता विषय विसर. फोटो काय युक्ती करतो, तेवढंच बघून गठ्ठे लाव. म्हणजे प्रकाश कुठून येतो, आपण किती लांब उभे आहोत, नजर आधी कशावर जाते, माणूस काही करतोय की नुसता आहे.

पहिला गठ्ठा बघता बघता वाढला. चुलवाणावरच्या काहिलीतून वाफ उठते आहे, मागून ऊन येतं आहे आणि वाफेत गुळव्याची काळी आकृती. तालमीत खिडकीतून ऊन पडलं आहे, तांबड्या मातीची धूळ उडते आहे आणि धुळीत पैलवानाची काळी आकृती. वारीत पहाटेच्या धुरकट उजेडात पताका घेतलेली काळी आकृती. पन्हाळ्याच्या धुक्यात झाडाखाली काळी आकृती. गुऱ्हाळाचे पाच, तालमीचे तीन, वारीचा एक, पन्हाळ्याचे दोन. विषय चार, पण एकच फोटो अकरा वेळा काढलेला.

ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सर, मला हेच एक जमतं की काय?”

तसं नव्हतं. पण पान बघणाऱ्याला नेमकं तसंच वाटलं असतं. मागून येणारा प्रकाश आणि मधे वाफ, धूळ किंवा धुकं हे जमून आलं की फोटो हमखास देखणा दिसतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो आणि पुन्हा पुन्हा निवडलाही जातो. प्रत्येक फोटोग्राफरचा असा एक हुकमी फोटो असतो. कुणाचा पावसाच्या डबक्यातलं प्रतिबिंब, कुणाचा दाराच्या चौकटीतलं मूल, कुणाचा रंगीत भिंतीसमोरून जाणारा सायकलवाला. विषयवार मांडणीत तो लपून बसतो. प्रिंट विषयाबाहेर काढल्या की सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात.

दुसऱ्या गठ्ठ्यात नुसते हात होते, सात फोटो. तिसऱ्यात समोर बघणारे, छातीपर्यंतचे चेहरे, तेही सात. त्यात तालमीतले दोन पैलवान आले होते. चौथ्यात उंचावरून टिपलेली वारीची गर्दी, चार फोटो. उरलेले सतरा कुठल्याच गठ्ठ्यात नीट बसत नव्हते, आणि माझं लक्ष खरं तर त्यांच्यावरच होतं.

मोठ्या कामातही निवड अशीच होते. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस हजार फ्रेम टिपल्या. त्यांतल्या हजारेक फोटोंच्या कच्च्या प्रिंट काढल्या, त्या भिंतींवर लावल्या आणि राज्यं किंवा शहरं न धरता मोटारी, धर्म, वंश, ज्यूकबॉक्स अशा सूत्रांनी त्यांचे गट पाडले. १९५८ मध्ये पॅरिसमध्ये ‘द अमेरिकन्स’ छापलं गेलं, त्यात त्र्याऐंशी फोटो होते. गावाच्या नावाने गट पाडले असते तर प्रत्येक गावातला बरा फोटो पुस्तकात आला असता आणि पुस्तकाचा अल्बम झाला असता.

आता गठ्ठ्यातून एक कसा निवडायचा? इथे घाई करू नये. दोन फोटो शेजारी ठेवायचे, एक उचलायचा, उरलेल्याशेजारी तिसरा ठेवायचा. तपशिलाच्या गोष्टी बघायच्या. कडा स्वच्छ आहेत का, की अर्धा माणूस, अर्धी बादली कोपऱ्यात लोंबते आहे? माणसं एकमेकांपासून सुटी दिसतात का, की एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यात मिसळलंय? मागचा खांब कुणाच्या टाळूतून उगवलाय का? आणि नजर जिथे जायला हवी तिथेच जाते का?

डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखला जाणारा फोटो बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेला असतो. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे तिने त्या आईचे आणि मुलांचे अर्धा डझनभर फोटो घेतले. त्यांतले लांबचे बघितले तर तंबू दिसतो, सामान दिसतं, मोठी मुलगी दिसते. माहिती म्हणून ते जास्त सांगतात. पण जगाच्या लक्षात राहिला तो जवळचा. त्यात दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडं फिरवली आहेत, त्यामुळे आईच्या चेहऱ्याशी स्पर्धा करायला दुसरा चेहराच नाही. भावंडं असलेल्या फोटोंतून निवड करताना असल्या गोष्टींनी फरक पडतो. कुठला जास्त धारदार आला, याने फार कमी पडतो.

गुऱ्हाळाच्या उरलेल्या सहांत काहील ओतण्याचे दोन फोटो होते. ते आम्ही फार वेळ बघत बसलो. रस आटून गूळ तयार झाला की गरम काहील कलती करून वाफ्यात ओततात. चौघा-पाचांचं काम असतं आणि क्षणात उरकतं. पहिल्या फोटोत गुळाची सोनेरी धार हवेत होती. रंग असा की कुणीही तोच उचलला असता. पण धारेमागे दोन माणसं एकमेकांत मिसळली होती आणि तिसऱ्याचा चेहरा वाफेने पुसला गेला होता. दुसरा फोटो त्यानंतरच्या क्षणाचा. धार संपत आलेली, रंग थोडा उतरलेला. चारही माणसं मात्र सुटी दिसत होती आणि उजव्या कडेला एकाचा अनवाणी पाय जमिनीत असा रुतला होता की बोटं पांढरी पडली होती. काहिलीचं वजन त्या पायात दिसत होतं. आम्ही दुसरा ठेवला. पहिला ठेवण्यासाठी ती बरंच भांडली, पण धार कशी असते हे कुठल्याही गुऱ्हाळाच्या फोटोत दिसतं. तो पाय फक्त तिच्या फोटोत होता.

दोन्ही का ठेवू नयेत, असं विचारणारे असतात. सारखे दोन फोटो एका पानावर आले की बघणारा फोटो बघायचं सोडून फरक शोधायला लागतो. निवडीचं जे काम फोटोग्राफरने करायचं ते त्याच्यावर पडतं. शिवाय त्याच्या मनात येतं, की यातला उजवा कुठला हे या व्यक्तीला कळलेलं नाही. काम देणाऱ्या माणसासाठी ही शंका एखाद्या फसलेल्या फोटोपेक्षा वाईट असते. उद्या ती शंभर फोटो पाठवेल आणि त्यातून निवडत आपल्याला बसावं लागेल, असा हिशेब तो करतो.

हातांच्या गठ्ठ्यातला निर्णय सोपा निघाला. टाळ धरलेले हात, वीणा धरलेले हात, माती उचलणारे हात. सुरकुत्या छान, प्रकाश छान. पण हे हात नेमके कुणाचे, काय करताहेत, यात फारसं काही नव्हतं. एकात मात्र गुळव्या पाक तयार झाला का हे बघत होता. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत त्याची गोळी वळून बघतात, तो तो क्षण. मागे अंधुक दिसणारी काहील. हात फक्त सुंदर नव्हते, ते निर्णय घेत होते. तो राहिला, सहा गेले.

वारीचे उंचावरचे चारही फोटो दिवे घाटातले होते. हिरव्या डोंगरातून वळत जाणारा पालखी सोहळा, पांढऱ्या टोप्यांची आणि पताकांची नदी. फोटोत काही उणं नव्हतं. पण पुनरावृत्ती फक्त आपल्या पानापुरती मोजून चालत नाही. दर वर्षी वारीच्या दिवसांत दिवे घाटातला हा फोटो जवळपास प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात येतो. ज्याला काम द्यायचं आहे त्याने तो इतक्या वेळा पाहिलेला असतो की खाली नाव कुणाचंही टाकलं तरी त्याला फरक पडत नाही. चारही काढले. वारीचा म्हणून राहिला तो रस्त्याकडेला खुर्चीवर बसून दाढी करून घेणाऱ्या वारकऱ्याचा, मांडीवर वीणा तशीच धरलेली, गालाला फेस आणि डोळे मिटलेले. तिने तो पानावर सर्वांत खाली टाकला होता, कारण तिच्या मते ती ‘खरी वारी’ नव्हती.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायला हवं. फोटो काढणाऱ्याला फोटोत जे दिसतं त्यात त्याची आठवणही मिसळलेली असते. पन्हाळ्याच्या धुक्यातल्या एका फोटोसाठी ती पहाटे काळोखात चढून गेली होती, थंडीत थांबली होती. त्या फोटोकडे बघताना तिला ती पहाट दिसायची. मला एक बरं झाड दिसलं. कष्ट फोटोत उतरले असतील तर सांगावे लागत नाहीत, आणि उतरले नसतील तर सांगून उपयोग नाही. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड टिपलेले रोल धुवायला मुद्दाम उशीर करायचा, वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे फोटो काढतानाची भावना विरून जाईल आणि फोटो परक्यासारखा बघता येईल. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले मागे राहिले होते. इतकं टोक गाठायची गरज नाही. पण कालच काढलेला फोटो आज पहिल्या दहांत टाकू नये. महिनाभर बाजूला ठेवून मग बघावा.

परक्या नजरेची उसनवारीही करता येते, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. ‘कसे आहेत?’ विचारलं की घरचे सगळेच छान म्हणतात. ‘कुठला काढू?’ विचारलं की माणूस टीकाकार होतो आणि उगाच खोट काढतो. त्यापेक्षा फोटो एकदा दाखवावेत, काही न बोलता उचलून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी विचारावं, कुठले आठवतात? तिने हे तिच्या मावशीवर आणि तिथल्या एका छापखान्यातल्या माणसावर करून पाहिलं. दोघांनाही दाढीवाला वारकरी आठवला, दोघांनाही तालमीत थंडाई घोटणारा लहान पोरगा आठवला. वाफेतल्या आकृत्यांबद्दल मावशी म्हणाली, “ते धुराचे होते बघ, छान होते.” किती होते हे तिला सांगता आलं नाही. तिला तो एकच फोटो वाटला होता.

त्या अकरांतला एकच ठेवला. गुळव्याचा, कारण त्यात आकृती पूर्ण काळी नव्हती, काहिलीच्या चकाकीने हनुवटीखाली थोडा उजेड आला होता आणि माणूस ओळखू येत होता. समोरून टिपलेल्या सात चेहऱ्यांतून दोन राहिले: दुमडलेल्या कानांचा जुना पैलवान आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला शिंपी. रिकाम्या निसर्गातला एक, पाचट जाळलेलं उसाचं रान. तालमीतले दोन, थंडाई घोटणारा पोरगा आणि एक प्रत्यक्ष कुस्ती, ज्यात वरच्या पैलवानाच्या पाठीपेक्षा कडेला उकिडवा बसलेल्या वस्तादाचा चेहरा जास्त ताणलेला होता. काहील, पाकाची गोळी आणि दाढी धरून झाले नऊ.

दहावा म्हणून ती पन्हाळ्याचं झाड पुढे सरकवत होती. मी तिला नऊ फोटो नुसते बघत राहायला सांगितलं. फोटो कमी झाले की काय नाही तेही दिसायला लागतं. शेहेचाळीसांत ते दिसलं नव्हतं, पण नऊंत ढळढळीत दिसत होतं: एकही बाई नव्हती. गुऱ्हाळ पुरुषांचं, तालीम पुरुषांची, वारीतला माणूस पुरुष, दोन्ही चेहरे पुरुषांचे. तिने बायकांचे फोटो काढले नव्हते असं नाही. पानावर ते आलेच नव्हते, कारण त्यांत ना वाफ होती ना मागचा प्रकाश. ती घरी जाऊन जुनी हार्ड डिस्क उघडून बसली आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या एका बाईचा फोटो घेऊन आली. कोपीच्या दारात बसून ती विळ्याने बोटाला झालेल्या जखमेवर चिंधी बांधत होती, चिंधीचं एक टोक दातात धरलेलं. ऊन डोक्यावरचं, सपाट, सगळ्या पुस्तकांत टाळायला सांगतात तसलं. उरलेल्या नऊंसारखं त्यात काहीच नव्हतं. दहावा तो झाला.

क्रम लावताना एक व्यावहारिक अडचण आली. काहिलीचा फोटो पहिला ठेवायचं ठरलं होतं, पण तिच्या पानावर छोटी चित्रं चौकोनी कापून दिसत होती आणि तो आडवा फोटो चौकोनात बसवताना उजव्या कडेचा पायच कापला जात होता. म्हणजे ज्यासाठी निवडला तेच गायब. मग पाकाची गोळी पहिली आली. तिचा मजकूर मध्यभागी होता, चौकोनात काही बिघडत नव्हतं. असल्या पानांवर बहुतेक लोक मोबाइलवरूनच येतात, तेव्हा निवड पक्की करण्याआधी प्रत्येक फोटो हातातल्या फोनवर बघून घ्यावा. मोठ्या पडद्यावर भरगच्च वाटणारा आडवा फोटो उभ्या धरलेल्या फोनवर बोटभर पट्टी होतो आणि लांबून टिपलेली माणसं त्यात मुंग्यांएवढी उरतात. शेजारी शेजारी येणारे फोटो अंतराने वेगळे असावेत, जवळच्यानंतर लांबचा, एवढं पाळलं तरी पुरतं. दोन चेहरे लागोपाठ ठेवले तर ते पुन्हा एकमेकांशी तुलनेत अडकतात.

ही पद्धत सगळ्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या पानावर अंतरपाटामागची दहा जोडपी असतील तर ती काढायलाच हवीत. पण त्याच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या शंकाही असतात: कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत चेहरे कसे येतात, होमाच्या धुरात काय होतं, चाळीस जणांच्या गटात सगळ्यांचे डोळे उघडे असतात का. तिथे प्रत्येक फोटोने एका शंकेचं उत्तर द्यायचं. आणि ज्याला एकाच विषयाची सलग कथा दाखवायची आहे, त्याला काही गोष्टी मुद्दाम परत आणाव्या लागतात. तेच दार, तोच माणूस, काळ पुढे गेल्याचं कळावं म्हणून. तशी मालिका स्वतंत्र ठेवावी. दहांच्या निवडीत ती घुसवली की दोन्हींचं नुकसान होतं.

काढलेले सदतीस तिने पुसून टाकले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. ते लागतात. कुणी गुऱ्हाळाचं पूर्ण काम मागितलं तर चौदाच्या चौदा तयार आहेत, धारेसकट.

पुढे काही महिन्यांनी ती तालमीतला रात्रीचा एक फोटो घेऊन आली. दिवा मालवण्याआधी हौदातली माती पाटीने सारखी करणारा वस्ताद. फोटो पानावर जाणार यात वाद नव्हता. कुठला काढायचा, यावर ती पाचटाचं रान दाखवू लागली, कारण तिला तो सर्वांत दुबळा वाटत होता. पण पानावर रिकामी जमीन तेवढीच होती. ती गेली असती तर पान बुजलं असतं, आणि तालमीचे मात्र तीन झाले असते. नवा फोटो आला की त्याची तुलना पानावरच्या सर्वांत कच्च्या फोटोशी न करता त्याच्या सर्वांत जवळच्या भावंडाशी करावी लागते. इथे भावंड होतं कुस्तीचं, ज्यात खरं बोलणारा चेहरा वस्तादाचाच होता. आम्ही दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या. या वेळी तिनेच कुस्ती उचलली आणि पाकिटात टाकली.